राजवाडे जळाले, पण पुन्हा का उभे राहिले नाहीत?

सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारित नगराचा राजवाडा दोनदा जळाला. पहिल्या आगीची बातमी टायरच्या अबिमिल्कू राजाने इजिप्तच्या फेरोला पाठवलेल्या पत्रात आहे. काळ इ.स.पू. चौदाव्या शतकाचा मध्य. आसपासच्या घडामोडी कळवता कळवता तो लिहितो, की उगारितच्या राजवाड्याला आग लागली आणि अर्धा वाडा गेला. या आगीनंतर उगारितकरांनी वाडा दुरुस्त केला, वाढवला, आणि पुढची दीडशे वर्षे तिथून तांबे, धान्य, जांभळे रंगवलेले कापड यांचा हिशेब चालू राहिला. उत्खनकांच्या मते मधल्या काळात एक मोठा भूकंपही होऊन गेला. त्यातूनही शहर सावरले. इ.स.पू. 1190 च्या आसपास पुन्हा आग लागली, रस्त्यांत आणि घरांत बाणांची टोके विखुरली, आणि या वेळी तो वाडा कोणीही बांधला नाही.

पूर्व भूमध्य समुद्राभोवतीच्या राजवाडी राज्यांचा शेवट कशाने झाला, या प्रश्नावर गेली दीडशे वर्षे वाद चालू आहे. ग्रीसमधले मायसीनी राजवाडे, अनातोलियातले हित्ती साम्राज्य, सीरियाच्या किनाऱ्यावरची व्यापारी नगरे यांचा कारभार इ.स.पू. 1200 नंतरच्या काही दशकांत बंद पडला. परकी टोळ्या, दुष्काळ, भूकंप, बंड अशी प्रत्येकाकडे आपापली कारणे आहेत. माझे म्हणणे असे आहे, की या वादात दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले गेले आहेत. राजवाडा का जळाला हा एक प्रश्न. जळाल्यावर तो पुन्हा का उभा राहिला नाही हा दुसरा. पहिल्याचे उत्तर गावोगाव वेगळे असू शकते आणि बहुधा आहेच. ज्याला आपण कोसळणे म्हणतो ते मात्र दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे, आणि तिथे टोळ्या आणि दुष्काळ दोन्ही एकटे अपुरे पडतात. हा केवळ जुन्या विटांचा वाद राहिलेला नाही. आज स्थलांतरितांची भीती घालताना किंवा हवामानबदलाचा इशारा देताना याच घटनेचा दाखला दिला जातो. पुरावा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे पाहिल्याशिवाय असे दाखले देणे मला धोक्याचे वाटते.

राजवाडा म्हणजे नुसते राजाचे निवासस्थान नव्हते. ग्रीसच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या पायलॉसचे उदाहरण त्यासाठी सर्वांत चांगले, कारण तिथला दप्तरखाना सापडला आहे. 1939 साली कार्ल ब्लेगेन यांनी तिथे पहिला चर खणला तेव्हाच मातीच्या पाट्या हाती लागल्या. 1952 साली मायकेल व्हेंट्रिस यांनी लिनिअर बी लिपी उलगडली आणि या पाट्या जुन्या ग्रीक भाषेतल्या जमाखर्चाच्या नोंदी असल्याचे कळले. त्यांत काव्य नाही, राजाची स्तुती नाही. कोणत्या गावाकडून किती जवसाचा धागा घ्यायचा, कोणत्या कारागिराला किती कांसे तोलून दिले, लोकर विंचरणाऱ्या आणि कापड विणणाऱ्या बायकांना व त्यांच्या मुलांना किती गहू आणि किती अंजिरे द्यायची, हेच सगळीकडे. अशा साडेसातशेच्या आसपास बायका राजवाड्याच्या शिध्यावर जगत होत्या. त्यांनी पिकवायचे काही नव्हते. राजवाड्याकडून धान्य आले तर चूल पेटायची. तीनशे ते चारशे धातुकारागिरांची नावे आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या नावापुढे यंदा कांसे दिलेले नाही अशी नोंद आहे.

कांसे हा या व्यवस्थेचा कणा होता, पण तांबे आणि कथील यांपैकी पायलॉसच्या राज्यात काहीच निघत नव्हते. तांबे मुख्यतः सायप्रसचे, तर कथील कितीतरी दूरच्या डोंगरांतले, काही तर मध्य आशियातले. तुर्कस्तानच्या किनाऱ्यापाशी उलुबुरुन इथे इ.स.पू. 1300 च्या सुमारास बुडालेले एक जहाज सापडले. त्यात सुमारे 10 टन तांबे आणि 1 टन कथील होते. कांशात या दोहोंचे जे प्रमाण लागते, साधारण त्याच प्रमाणात. इतका माल एका खेपेला पाठवणारा आणि घेणारा दोन्ही बाजूंना राजवाडाच असणार. म्हणजे एका राजवाड्याच्या भट्टीला दुसऱ्या राजवाड्याच्या गोदामाची गरज होती.

आता सर्वांत प्रसिद्ध स्पष्टीकरण घेऊ. समुद्रमार्गे आलेल्या टोळ्यांनी सगळे उद्ध्वस्त केले, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच इजिप्ततज्ज्ञांची, आणि गास्तों मास्पेरो यांनी ती रूढ केली. तिचा आधार म्हणजे लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम तीरावर मेदिनेत हाबू इथे रामसेस तिसरा याने बांधलेल्या मंदिराच्या भिंती. त्याच्या राज्याच्या आठव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. 1177 च्या सुमारास, परकीयांनी आपल्या बेटांवर कट रचला, त्यांच्यापुढे एकही देश टिकला नाही, हत्ती म्हणजे हित्तींचा देश, कोदे, कार्केमिश, अर्झावा आणि अलाशिया एका झटक्यात तोडले गेले, असा तिथला मजकूर आहे. पेलेसेत, त्जेकेर, शेकेलेश, देन्येन, वेशेश अशी टोळ्यांची नावेही दिली आहेत. हा मजकूर देवळाच्या भिंतीवर, जिंकलेल्या राजाने, आपल्या पराक्रमाच्या वर्णनासाठी कोरलेला आहे. इजिप्तखेरीज कोणीही टिकले नाही हे सांगण्यात त्याचा उघड हितसंबंध होता.

तो मजकूर खोटा ठरतो हे सिद्ध करायला एक नाव पुरे आहे, कार्केमिश. युफ्रेटिसवरच्या या नगरीत हित्ती सम्राटाचा प्रतिनिधी राज्य करत असे. रामसेसच्या यादीप्रमाणे ती संपायला हवी होती. 1985 साली लिदार ह्यूयूक इथे सापडलेल्या मातीच्या मुद्रांवर कुझी-तेशुब नावाचा कार्केमिशचा राजा दिसतो, आणि तो तिथल्या शेवटच्या ज्ञात हित्ती प्रतिनिधीचा, तल्मी-तेशुबचा मुलगा आहे. म्हणजे बापामागून मुलगा गादीवर बसला, वंश तुटला नाही. हित्तींची राजधानी हत्तुसा संपल्यावर या घराण्याने 'महाराजा' ही पदवीसुद्धा स्वतःकडे घेतली. फेरोच्या यादीतला एक देश असा सहीसलामत सापडतो, तेव्हा बाकीच्या नावांवरही डोळे झाकून भरवसा ठेवता येत नाही.

उगारितची पत्रे यापेक्षा जास्त बोलकी आहेत. शेवटचा राजा अम्मुरापी अलाशियाच्या, म्हणजे सायप्रसच्या राजाला लिहितो, की शत्रूची जहाजे आली, माझी गावे जाळली, आणि तुम्हाला ठाऊकच आहे की माझे सगळे सैन्य आणि रथ हत्तीच्या देशात आहेत, सगळी जहाजे लुक्काच्या, म्हणजे अनातोलियाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आहेत. देश उघडा पडला आहे. शत्रूची जहाजे किती होती? सात. या आकड्यापाशी मी नेहमी थांबतो. एका श्रीमंत बंदराला सात जहाजे हैराण करतात, कारण त्याचे बळ वरच्या सम्राटाच्या हुकमाने दुसरीकडे गेले आहे. हल्ला खरा आहे, पण तो लागू पडावा अशी स्थिती राजवाड्यांच्याच परस्पर बंधनांनी निर्माण केली होती. अलाशियाच्या एशुवारा नावाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याचे दुसरे एक पत्र आहे. त्यात तो उगारितला कळवतो, की त्या शत्रूंबद्दल म्हणाल तर हे काम तुमच्याच देशातल्या माणसांनी आणि तुमच्याच जहाजांनी केले आहे. बाहेरचा कोण आणि आतला कोण हे त्या वेळच्या अधिकाऱ्यांनाही स्पष्ट नव्हते.

या पत्रांच्या काळाबद्दलही सावध राहावे लागते. उगारितचे उत्खनक क्लोद शेफर यांनी 1950 च्या दशकात जाहीर केले, की काही पाट्या राजवाड्याच्या अंगणातल्या भट्टीत सापडल्या, म्हणजे त्या भाजल्या जात असतानाच शहर पडले. या कथेने पुढच्या कित्येक अभ्यासकांना भारून टाकले आणि सगळी संकटपत्रे शेवटच्या आठवड्यांतली मानली जाऊ लागली. नंतरच्या तपासणीत ती भट्टी नव्हतीच असे दिसले. पाट्या वरच्या मजल्यावरून ढिगाऱ्याबरोबर खाली आल्या होत्या. तेव्हा ही पत्रे शेवटच्या वर्षांतली असतील, शेवटच्या दिवसांतलीच असतील असे नाही.

माणसे मात्र खरोखर हलत होती, हे मी नाकारत नाही. मेदिनेत हाबूच्या चित्रांत बैलगाड्या आहेत आणि त्यांत बायका-मुले बसलेली आहेत. इस्रायलच्या किनाऱ्यावरच्या अश्कलोनमध्ये सुरुवातीच्या लोहयुगात पुरलेल्या लहान मुलांच्या हाडांतला डीएनए 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यात युरोपीय वंशाचा अंश दिसतो आणि पुढच्या एक-दोन शतकांत तो स्थानिक लोकसंख्येत विरून जातो. म्हणजे आलेली माणसे तिथे राहिली, लग्ने झाली, मिसळून गेली. मुलेबाळे गाडीत घालून निघालेल्या माणसांना संस्कृतिभंजक ठरवणे आणि त्या ठरवण्यावरून आजच्या निर्वासितांकडे बोट दाखवणे, हा त्या पुराव्याचा दुरुपयोग आहे. विस्थापितांचे लोंढे हे त्या उलथापालथीचे एक लक्षण होते. पुढे तेच कारणही बनले असेल. पण सुरुवात त्यांच्यापासून झाली असे दाखवणारे काही हाती नाही.

दुष्काळाच्या बाजूचा पुरावा गेल्या पंधरा वर्षांत पुष्कळ वाढला आहे आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. हित्तींना बाहेरून धान्य लागत होते हे नक्की. फेरो मेर्नेप्ताह कर्नाकच्या लेखात सांगतो, की हत्तीचा देश जगावा म्हणून आपण जहाजांतून धान्य पाठवले. हित्ती दरबाराचे उगारितला आलेले एक पत्र 2000 कोर, म्हणजे सुमारे 450 टन धान्य जहाजाने उरा बंदरात पोचवायला सांगते आणि हा जगण्या-मरण्याचा प्रश्न असल्याचे बजावते. 2023 साली स्टर्ट मॅनिंग आणि सहकाऱ्यांनी अनातोलियातल्या गॉर्डियन इथल्या जुनिपरच्या जुन्या लाकडांतली वर्षवलये मोजली. इ.स.पू. 1198 ते 1196 अशी सलग तीन वर्षे अत्यंत कोरडी होती असे त्यांना आढळले. एक वर्ष पाऊस हुकला तर कोठारावर निभावते, दुसरे वर्ष बियाणे खाऊन काढता येते. तिसऱ्या वर्षी पेरायला काही उरत नाही. हत्तुसासारख्या, समुद्रापासून दूर आणि पठारावर वसलेल्या राजधानीसाठी हा हिशेब फार कठोर होता.

तरीही दुष्काळवाद्यांच्या घाईबद्दल माझी तक्रार आहे. गॉर्डियनची वलये नेमके वर्ष सांगतात, पण असा पुरावा दुर्मीळ. गालील सरोवराच्या तळातल्या परागकणांवरून इ.स.पू. 1250 ते 1100 हा काळ कोरडा ठरवला गेला, त्या अभ्यासात दोन नमुन्यांमधले अंतर साधारण 40 वर्षांचे आहे, आणि इतक्या बारकाईने घेतलेले नमुनेही त्या क्षेत्रात कमीच. चाळीस वर्षांत दोन राजे होऊन जातात. शहर दुष्काळामुळे पडले की शहर पडल्यावर शेते ओस पडली म्हणून परागकण बदलले, हे अशा नमुन्यांवरून सहजी ठरत नाही. ऑलिव्हच्या बागा माणसाने छाटल्या नाहीत तरी परागकण कमी होतात.

पायलॉसजवळ हा गुंता सुटायची संधी मिळाली. राजवाड्यापासून फार दूर नसलेल्या स्कीझा बेटावर माव्री त्रिपा नावाची गुहा आहे. तिच्यातल्या चुन्याच्या लवणस्तंभाच्या थरांतून पावसाची नोंद वाचता येते, आणि ती नोंद 2017 साली प्रसिद्ध झाली. राजवाडा जळण्याच्या आधी थोड्या काळापुरता कोरडेपणा दिसतो, त्याने शेतीवर ताण आला असेल. मोठा, हळूहळू वाढत जाणारा कोरडेपणा मात्र राजवाडा जळून गेल्यानंतरचा आहे. संशोधकांनी त्यातून काढलेला निष्कर्ष मला या सगळ्या वादातला सर्वांत उपयोगी वाटतो: नंतरच्या रुक्ष काळाने पिके घटली आणि मध्यवर्ती सत्ता पुन्हा उभी राहण्याचा पायाच झिजला. म्हणजे एकाच गुहेतला एकच दगड जळण्याचे आणि न उठण्याचे दोन प्रश्न वेगळे करून दाखवतो. पहिल्यात हवामानाचा वाटा लहान, दुसऱ्यात मोठा.

पायलॉसच्या पाट्यांवरूनही घाईचे अर्थ काढले गेले आहेत. एका मालिकेची सुरुवात 'किनाऱ्याचे रक्षण करणारे पहारेकरी असे' या अर्थाच्या वाक्याने होते आणि पुढे दहा विभागांत वाटलेल्या सुमारे 800 माणसांच्या नोंदी आहेत. दुसऱ्या पाटीवर देवळांतले कांसे भाल्यांच्या टोकांसाठी गोळा करायचा हुकूम आहे. हे वाचून समुद्राकडून येणाऱ्या शत्रूची चाहूल लागलेला राजवाडा डोळ्यांपुढे उभा राहतो. पण या पाट्या कच्च्या मातीच्या. त्या टिकल्या त्या आगीत भाजल्या गेल्या म्हणून, आणि त्यांत फक्त शेवटच्या वर्षाचा हिशेब आहे. आदल्या वर्षीही असेच पहारेकरी नेमले होते का, हे विचारायला आपल्याकडे आदल्या वर्षाची पाटीच नाही. तुलना करता येत नसताना त्याला आणीबाणी म्हणणे हा अंदाज आहे, पुरावा नव्हे.

भूकंपांबद्दल थोडक्यात बोलतो. अर्धशतकभर एकामागून एक धक्के बसले असतील, ही आमोस नूर आणि एरिक क्लाइन यांची कल्पना. हा प्रदेश भूकंपप्रवणच आहे, तेव्हा काही ठिकाणी ती खरीही असेल. पण ग्रीसमधल्या तिरिन्सच्या राजवाड्याच्या ज्या भिंती भूकंपाने पडल्या असे दीर्घकाळ मानले जाई, त्यांच्यावर अलीकडच्या भूकंपशास्त्रीय तपासणीने शंका घेतली आहे. आणि उगारितने दाखवलेच आहे की भूकंपानंतर शहर बांधता येते.

याहून मोठी गोष्ट पुरातत्त्वज्ञ जेसी मिलेक यांनी केली. इ.स.पू. 1200 च्या सुमारास नष्ट झाली असे म्हटल्या जाणाऱ्या 148 ठिकाणांचे 153 विनाश त्यांनी एकेक करून तपासले. त्यांतले 94, म्हणजे 61 टक्के, चुकीच्या काळात बसवलेले, तुटपुंज्या पुराव्यावर गृहीत धरलेले किंवा घडलेलेच नव्हते. उरले त्यांच्याही तारखा पसरलेल्या आहेत. आजच्या इस्रायलमधल्या मेगिद्दोमध्ये फेरो रामसेस सहावा याच्या पुतळ्याची बैठक सापडली, म्हणजे उगारित जळून निदान चाळीस वर्षे झाली तरी तिथे इजिप्तचा वावर होता. एका वर्षात, एका लाटेत सगळे पडले, हे चित्र नकाशावर बाण काढणाऱ्यांनी निर्माण केले आहे.

एक एक कारण अपुरे पडते हे दिसल्यावर बहुतेक जण आता सगळी कारणे एकत्र घेतात: दुष्काळ, दुष्काळातून उपासमार, भूकंप, टोळ्या, बंडे, तुटलेला व्यापार, सगळे एकाच वेळी. एरिक क्लाइन यांच्या मांडणीमुळे ही भूमिका सर्वसाधारण वाचकांपर्यंत पोचली. ती चूक आहे असे मी म्हणणार नाही, पण ती उत्तर टाळते. वाईट घटनांची यादी लांबवत नेली की कोणत्याही शतकाचा अंत समजावता येतो. तेराव्या शतकाच्या मध्यालाही भूकंप होते, लढाया होत्या, धान्याची टंचाई होती. इ.स.पू. 1274 ला कादेशला इजिप्त आणि हत्ती यांची भयंकर लढाई झाली आणि दोन्ही राज्ये टिकली. हत्तुसा चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला एकदा जाळले गेले होते. पहिला सुप्पिलुलिउमा उठला आणि त्याने त्यातून साम्राज्य उभे केले. क्रीटमधले राजवाडे इ.स.पू. 1700 च्या सुमारास कोसळले आणि आधीपेक्षा देखणे बांधले गेले. धक्के जुनेच होते. सावरण्याची ताकद कशी संपली, हे सांगितल्याशिवाय स्पष्टीकरण पुरे होत नाही.

पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेन्फ्रू यांनी 1979 साली केलेली मांडणी म्हणूनच मला अजूनही कामाची वाटते. त्यांच्या मते अशा समाजात शासन, धर्म, उत्पादन, वाटप हे सगळे एका केंद्राला बांधलेले असते. केंद्र गेले की एकेक भाग दुरुस्त करून चालत नाही, कारण दुरुस्तीचा हुकूम, साधने आणि कामगारांचा शिधा हे तिन्ही केंद्रातूनच येत असतात. पायलॉसला हे लावून पाहा. राजवाडा जळाला त्या दिवशी शेते जळाली नाहीत, ऑलिव्हची झाडेही उभी होती. पण कोणत्या गावाकडे किती येणे आहे हे लिहिलेल्या पाट्या ढिगाऱ्याखाली गेल्या आणि वसूल करणारे अधिकारी पांगले. शेतकऱ्याला आपला वाटा राजवाड्याकडे नेण्याचे कारण उरले नाही. तो न आल्यामुळे विणकर बायकांचा शिधा थांबला, कापड थांबले, आणि कापड-तेल देऊन जे तांबे-कथील मिळे ते थांबले. पूर्वी अशा वेळी शेजारचा राजवाडा माल, सोने, सैनिक, निदान उधारी देत असे. आता शेजारचाही वाडा बंद होता. एकट्या वाड्याची आग भरून काढता येत होती, कारण बाकीचे उभे होते. उण्यापुऱ्या दोन पिढ्यांत पुरेसे वाडे बंद पडल्यावर कोणालाच कोणाकडून काही मिळेना. म्हणून ते अंतर महत्त्वाचे आहे: जळण्याची कारणे वेगवेगळी असली तरी चालेल, पण ती एकमेकांपासून इतक्या थोड्या वर्षांत घडायला हवीत की आधीचा सावरण्यापूर्वी पुढचा पडावा. तीन वर्षांच्या दुष्काळाचे खरे काम मला इथे दिसते.

ही मांडणी खरी असेल तर एक गोष्ट दिसायला हवी. माणसे आणि गावे टिकलेली दिसावीत, पण राजवाड्याची यंत्रणा नाही. तिरिन्समध्ये नेमके हेच दिसते. राजवाडा पडल्यावर तिथली खालची वस्ती आराखडा आखून पुन्हा बांधली गेली, वाढलीसुद्धा. जुन्या महादालनाच्या अवशेषांत एक लहान, अरुंद इमारत उभारली गेली. म्हणजे माणसे होती, बांधायची उमेद होती, जुन्या सत्तेच्या जागेचा मानही होता. पण नवे दप्तर नाही. यानंतर लिनिअर बीमधली एकही हिशेबाची पाटी ग्रीसमध्ये सापडलेली नाही आणि पुढची चार-एकशे वर्षे तिथे लेखनच दिसत नाही. ज्यांना लिहिता येत होते ते फक्त राजवाड्यासाठी लिहीत होते. उगारितच्या शेजारचे रास इब्न हानी थोड्याच काळात पुन्हा वसले, उगारित स्वतः तसेच पडून राहिले. हत्तुसाच्या सरकारी इमारती जळण्यापूर्वीच रिकाम्या केलेल्या होत्या, असे युर्गेन जेहर यांच्या उत्खननातून दिसते. दरबार आधी निघून गेला आणि आग मागून लागली.

जिथे राजवाड्याच्या हातात सगळे एकवटलेले नव्हते, तिथले लोक हलले, बदलले, पण संपले नाहीत. सायप्रसची नगरे तांबे वितळवत राहिली आणि लोखंडाच्या कामातही पुढे गेली. टायर, सिदोन, बिब्लोस या बंदरांचे व्यापारी पुढच्या शतकांत सगळ्या भूमध्य समुद्रावर पसरले. इथे मला पुणे जिल्ह्यातले घोड नदीकाठचे इनामगाव आठवते. काळ साधारण दोनशे वर्षे अलीकडचा, राजवाडा नावाची गोष्टच नाही. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथे इ.स.पू. 1000 नंतर ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसू लागतात, शिकार वाढते, आणि म. के. ढवळीकरांनी याचा संबंध वाढत्या कोरडेपणाशी जोडला. ती गरिबीच होती यात शंका नाही. पण त्या अवस्थेत वस्ती आणखी शतकानुशतके नांदली. दुष्काळ समाजाला लहान करतो, हे इनामगाव सांगते. एका पिढीत त्याचे दप्तर, कारागिरी आणि लिपी पुसून टाकायला दुष्काळाखेरीज आणखी काहीतरी लागते.

माझ्या म्हणण्याला सर्वांत अवघड जाणारे उदाहरण मी वर दिलेच आहे, ते म्हणजे कार्केमिश. तिथे राजवाडा होता, हित्ती व्यवस्थेचाच भाग होता, तरी टिकला. केंद्रीकरण हेच जर मर्म असेल तर हा वाडा का वाचला? माझे उत्तर त्याच्या जागेत आणि आकारात आहे. युफ्रेटिसच्या पात्रातले पाणी वरच्या डोंगरांतून येते, एका जिल्ह्यातल्या पावसावर ते अवलंबून नाही. समुद्रमार्गे येणाऱ्या धान्यावर कार्केमिशची भिस्त नव्हती. शिवाय सम्राट नाहीसा झाल्यावर दूर कुठे सैन्य पाठवण्याचे ओझे त्याच्यावरून उतरले. सम्राटाच्या हुकमाने जहाजे लुक्काला पाठवून उगारित उघडे पडले होते. कार्केमिशचे सैन्य घराजवळ राहिले. पुढे मलात्याच्या राजांनी आपल्या शिलालेखांत कुझी-तेशुबला आजोबा म्हणून सांगितले, म्हणजे घराण्याची एक शाखा उत्तरेकडेही रुजली. लिखाणही चालू राहिले, पण ते चित्रलिपीत, दगडावर कोरलेले. हत्तुसाच्या दप्तरातली मातीच्या पाट्यांवरची क्यूनिफॉर्म ही कीलाकार लिपी तिथे पुढे दिसत नाही. टिकलेल्या राजवाड्यातही जुना कारभार जसाच्या तसा उरला नव्हता. कार्केमिशच्या त्या पहिल्या पन्नास-साठ वर्षांच्या थरांत धान्याची कोठारे किती मोठी होती आणि शिधा कोणाला मिळत होता, हे उकरून मिळेल तेव्हा माझे हे उत्तर टिकते की नाही ते ठरेल.